टोमण्याला हसतं उत्तर

प्रश्न : लग्नात आत्या सगळ्यांसमोर म्हणते, "केवढी सुटलीस गं!" काय बोलावं?

उत्तर : टोमणा खोडू नका, थोडा फुगवून स्वीकारा. "हो ना आत्या, जिलेबीवाला तर मला लांबूनच ओळखतो! तू जेवलीस का?" मान्यच केल्यावर वादाला जागा उरत नाही. मात्र शेवटचा प्रश्न लगेच, त्याच दमात हवा. मध्ये थांबलात की दुसरा टोमणा येतो. "तुमच्याच घराण्याची देण" हे उत्तर चटकदार वाटतं, पण तो उलटा वार आहे. बाकीचे हसतात आणि आत्याचा चेहरा पडतो. वजन आजारपणामुळे वाढलं असेल किंवा ती दरवेळी हेच बोलत असेल, तर विनोद नकोच. तिला बाजूला घेऊन सांगा, "आत्या, हे मला लागतं."