दर साल की दर महिना? सरळव्याजाच्या तासाला शिकलेलं पीक कर्ज



सहावीला ‘बँक व सरळव्याज’ हा घटक घेत होतो. फळ्यावर ‘द.सा.द.शे. ५’ लिहिलं आणि विचारलं, एक लाखाचं वर्षाचं व्याज किती? बहुतेकांनी पाच हजार सांगितलं. एक मुलगा मात्र म्हणाला, “सर, साठ हजार. आमच्याकडं शेकडा पाच म्हणजे महिन्याचं असतंय.”

त्याचं गणित बरोबर होतं. पुस्तकातला शेकडा वर्षाचा, गावातल्या सावकाराचा शेकडा महिन्याचा. म्हणजे सावकाराचे ‘पाच टक्के’ हे द.सा.द.शे. ६० होतात. हा फरक घरात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आकडा एकच ऐकू येतो. त्या दिवशी ठरवलं की हा पाठ पीक कर्जावरच घ्यायचा. तोच इथे देत आहे.

चांगलं वर्ष

समजा, मराठवाड्यातल्या एका काकांची पाच एकर सोयाबीन आहे. जूनमध्ये त्यांनी गावच्या सोसायटीतून १,००,००० रुपये पीक कर्ज घेतलं. हे कर्ज पेरणीसाठी असतं आणि माल विकून एकदम फेडायचं असतं, म्हणून याला महिन्याचा हप्ता नसतो. खरिपाच्या कर्जाला गावात साधारण ३१ मार्च ही मुदत धरतात. नक्की तारीख सोसायटीत विचारून घ्यावी.

मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज शेतकऱ्याला बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते आणि खातं थकीत होतं. म्हणूनच मार्च आला की घराघरांत धावपळ सुरू होते.

पीक गेलेलं वर्ष

आता समजा, काढणीच्या तोंडावर पाऊस लागला आणि शेंगांना कोंब फुटले. ४० क्विंटलची आशा होती, हाती १६ क्विंटल आलं. म्हणजे नुकसान ६० टक्के. घरखर्च, मुलांची फी, उधारी भागवून मार्चमध्ये काकांकडे २०,००० उरले. भरायचे आहेत एक लाख.

इथे गावात जो सल्ला मिळतो तो म्हणजे “नवं-जुनं करून घ्या.” सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी एक लाख उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवीन कर्ज निघालं की सावकाराचे परत करायचे. ऐकायला सोपं वाटतं. पंधरा दिवसांचं व्याज अडीच हजार, एवढाच तोटा दिसतो.

पण नवीन कर्ज पंधरा दिवसांत मिळेल याची हमी कुणी देत नाही. कधी मंजुरी रखडते, कधी कागद अपुरे निघतात. समजा तीन महिने लागले. व्याज झालं १५,०००. नवीन एक लाख आले ते सगळे सावकाराला गेले, व्याज हातातल्या वीस हजारांतून गेलं. जूनमध्ये पेरणीसाठी उरले ५,०००. बियाणं-खतासाठी काका पुन्हा त्याच दारात जाणार. कागदावर ते नियमित कर्जदार आहेत, पण ते खऱ्या अर्थाने अडकतात ते इथेच. वर सावकाराने जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर धोका व्याजापुरता राहत नाही.

दुसरी वाट : पुनर्गठन

नैसर्गिक आपत्तीसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये एकत्रित केलेल्या निर्देशांत याची सोय होती. शासनाने भाग आपत्तीग्रस्त जाहीर केला आणि पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल, तर पीक कर्जाचं हप्त्यांच्या कर्जात रूपांतर करता येत असे. नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर दोन वर्षांपर्यंत, ५० टक्के किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत मिळू शकत असे. यातलं पहिलं वर्ष हप्ता नसे. सध्याचे नियम बँकेत विचारून घ्यावेत. शिवाय पुढच्या हंगामासाठी नवीन पीक कर्ज मागता येतं.

काकांचं नुकसान ६० टक्के, म्हणून पाच वर्षं धरू. पहिलं वर्ष फक्त व्याज, पुढे दरवर्षी २५,००० मुद्दल. हिशोबासाठी व्याज द.सा.द.शे. १० धरू. प्रत्येक बँकेचा दर वेगळा असेल आणि पहिल्या वर्षी केंद्राची जी सवलत मिळते ती इथे धरलेली नाही. वर्षानुसार व्याज असं येतं : १०,०००, १०,०००, ७,५००, ५,००० आणि २,५००. एकूण ३५,०००.

सावकाराकडे एक लाखाचं व्याज महिन्याला ५,०००. म्हणजे पुनर्गठनाचं पाच वर्षांचं व्याज तिथे सात महिन्यांत भरलं जातं, आणि मुद्दल तसंच उभं राहतं.

पुनर्गठन फुकट नाही, हेही मुलांना सांगितलं. त्या रकमेवरची शून्य टक्क्याची सवलत जाते, आणि दुसऱ्या वर्षापासून नवीन पीक कर्जासोबत जुना हप्ताही भरावा लागतो. पुढचंही वर्ष बुडालं तर ओझं दुप्पट होतं. तरी जमीन आणि पेरणीचा पैसा हातात राहतो.

कुठे चुकतं?

सगळ्यात महत्त्वाची अट अशी की आपत्तीच्या वेळी खातं थकीत नसावं. कर्जमाफी होईल म्हणून दोन वर्षं न भरलेलं खातं असेल, तर ही वाट बंद होते. हे बरेच जण नंतर कळून हळहळतात.

दुसरं, नुकसानीचा कागद हवा. सातबारावर ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंदच नसेल तर नुकसान दाखवणार कसं? पंचनामा होताना शेतावर हजर राहावं आणि नाव, गट नंबर, क्षेत्र बरोबर लिहिलंय का ते बघावं. गावाची अंतिम पैसेवारी डिसेंबरच्या सुमारास निघते. ती ५० पैशांच्या आत आहे का, हे तलाठ्यांकडे विचारावं.

तिसरं, ३१ मार्चची वाट बघू नये. शासनाचा आदेश निघाला की सोसायटीत किंवा बँकेत पुनर्गठनाचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी विचारलं तर “अजून काही आलं नाही” एवढंच उत्तर मिळतं. अर्ज अडला तर जिल्ह्याचे अग्रणी बँक व्यवस्थापक आणि तालुक्याचे सहकारी संस्थांचे सहायक निबंधक यांच्याकडे जाता येतं.

सावकारीची तक्रारही सहायक निबंधकांकडेच करायची असते. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार परवानाधारक सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के एवढंच व्याज घेता येतं. सावकारीतून बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

स्वाध्याय

१) ‘शेकडा ३’ महिन्याचा असेल तर द.सा.द.शे. किती?
२) ६०,००० रुपये शेकडा ४ ने पाच महिने घेतले. व्याज काढा.
३) तेच ६०,००० द.सा.द.शे. १२ ने पाच महिने घेतले तर व्याज किती? दोन्हींतला फरक लिहा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. हा पाठ घेताना “तुमच्या घरी किती कर्ज आहे?” असं वर्गात कुणालाही विचारू नका. उदाहरण फळ्यावरच्या काकांचंच ठेवा. मात्र वही घरी जाऊ द्या. माझ्या त्या विद्यार्थ्याचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी थांबले होते. हातात मुलाची वही होती. म्हणाले, “गुरुजी, ह्या अर्जाचा नमुना लिहून द्याल का?” मी लगेच लिहून दिला.