अपूर्णांकांचा अॅनिमेशन पाठ: दृश्यांची आखणी

प्रश्न: बुलढाणा जिल्ह्यातील मराठी शाळेत चौथीसाठी अपूर्णांकांचा अॅनिमेशन पाठ करायचा आहे. दृश्ये कशी आखावीत?

उत्तर: अपूर्णांकात पहिली अडचण समान भागांची असते. म्हणून पहिल्या दृश्यात ज्वारीच्या भाकरीचे चार लहानमोठे तुकडे होतात आणि ‘यातला एक म्हणजे पाव भाकरी का?’ असा प्रश्न येतो. इथे चित्र थांबवावे, मुलांना बोलू द्यावे. उत्तर लगेच दाखवले तर विचार तिथेच संपतो. दुसऱ्या दृश्यात भाकरीचे चार सारखे भाग होतात. ते एकावर एक सरकून तंतोतंत जुळतात, तेव्हा समानता डोळ्यांना पटते. एक भाग उचलल्यावरही पूर्ण भाकरीची फिकट कड पडद्यावर राहू द्यावी, नाहीतर मुले तुकड्यालाच पूर्ण समजतात.

चिन्ह तिसऱ्या दृश्यात आणावे. आधी छेद ४ लिहिला जातो, कारण भाग आधी पडतात. उचललेल्या भागाचा अंश १ नंतर. वाचन ‘एक छेद चार’, सोबत ओळखीचा ‘पाव’.

चौथे दृश्य सर्वांत सावकाश हवे. चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, असे अनेक मुले म्हणतात. सोयाबीनच्या शेताच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या एकाखाली एक दाखवाव्यात. एकीचे तीन, दुसरीचे चार भाग करून पहिले भाग रंगवले की फरक दिसतो. गोलाचे तीन समान भाग नजरेने ताडणे अवघड, म्हणून इथे पट्टीच घ्यावी.

शेवटी लहान भाकरीची अर्धी आणि मोठीची पाव शेजारी ठेवून ‘जास्त कोणती?’ असे विचारावे. पूर्ण वस्तू वेगळ्या असतील, तर केवळ अपूर्णांकांवरून ते ठरत नाही.