टिकलेल्या कामगारामागे खर्च किती?

जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप किंवा प्लॅस्टिकच्या चटया काढणारा कारखाना असो, की धुळ्याला अवधानच्या वसाहतीतलं युनिट, यंत्रावर माणूस नसला की दिवस वाया जातो. मग मालक एका कन्सल्टन्सीला फोन लावतो, वर्तमानपत्रात छोटी जाहिरात देतो आणि जुन्या कामगारांना ‘गावाकडचं कुणी आहे का बघ’ असंही सांगून ठेवतो. वर्षअखेर हिशेब करताना मात्र कन्सल्टन्सीचं बिल आणि जाहिरातीची पावती एवढंच हाती असतं. त्या पैशांत टिकणारी माणसं किती मिळाली, याची नोंद सहसा नसते. ती ठेवायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. वर्षाला वीस-पंचवीस माणसं घेणाऱ्या कारखान्याचं काम एका वहीत किंवा एक्सेलच्या एका पानावर भागतं.

वहीत प्रत्येक उमेदवाराची एक ओळ असावी. कामाबद्दल कुणाकडून कळलं, पहिला संपर्क कधी झाला, यंत्रावर ट्रायल कधी घेतली, पगार किती सांगितला आणि कधी, होकार किंवा नकार कधी आला, कामावर कधी हजर झाला आणि नव्वदाव्या दिवशी हजेरीवर होता का, एवढे रकाने पुरेत. ‘कुणाकडून कळलं’ हा प्रश्न गेटवर पहिल्याच दिवशी विचारा. महिन्याभराने विचारलं तर आठवणीत सरमिसळ होते, आणि कामगाराच्या भावाने आणलेल्या मुलाचंही बिल कन्सल्टन्सी लावून मोकळी होते.

भरतीला लागणारे दिवस

पहिल्या संपर्कापासून होकारापर्यंतचे दिवस मोजा. समजा नऊ जणांना ३, ४, ४, ५, ६, ७, ९, ११ आणि ३१ दिवस लागले. सरासरी जवळपास ९ येते, पण ती एका ३१ दिवसांच्या प्रकरणाने फुगवलेली आहे. आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला आकडा ६ निघतो आणि तोच खरा अंदाज देतो. एक्सेलमध्ये `=MEDIAN(F2:F10)` लिहिलं की तो मिळतो. ते ३१ दिवसांचं प्रकरण सोडून देऊ नका, त्याच्या तारखा बघा. ट्रायल चौथ्या दिवशी झाली आणि पगार ठरवायला मालक महिनाभर सापडले नाहीत, असं दिसलं तर दोष उमेदवारांचा नाही. पगाराची कमाल मर्यादा आधीच ठरवून सुपरवायझरला होकार द्यायचा अधिकार दिला, तर हा विलंब एक पैसाही न खर्चता जातो.

खानदेशात महिनाही बघावा लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी असते, एप्रिल-मेमध्ये आखाजी आणि लग्नसराई. मे महिन्यातल्या भरतीची जुलैशी तुलना केली तर निष्कर्ष चुकतो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा.

होकार आणि हजेरी

समजा वर्षभरात २४ जणांना काम देऊ केलं, २० जण ‘येतो’ म्हणाले आणि प्रत्यक्ष १५ आले. होकाराचं प्रमाण ८३ टक्के, दिसायला उत्तम. पण होकार दिलेल्यांपैकी २५ टक्के गेटपर्यंत पोचलेच नाहीत, आणि देऊ केलेल्या २४ पैकी आले साडेबासष्ट टक्के. हे आकडे वेगळे लिहा, कारण त्यांची कारणं वेगळी असतात. पगार ऐकूनच नकार आला तर तो तुमच्या पगारावरचा शेरा समजा. होकार देऊन जो आला नाही, त्याला बहुधा मधल्या दिवसांत सुरत, नाशिक किंवा पुण्याहून बोलावणं आलेलं असतं, नाहीतर रात्रपाळीला घरी परतायची सोय नसते. न आलेल्याला एक फोन करा आणि कारण एका शब्दात वहीत लिहा. उत्तर न आलेले प्रस्ताव मात्र त्या महिन्याच्या हिशेबात धरू नका.

कोणत्या वाटेने आलेला टिकतो?

खर्चाचा मुख्य प्रश्न हाच. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तिथे तुमचे घाला. पगार महिना १५,६०० रुपये, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबाने रोज ६०० धरू. नवा माणूस पहिले दहा दिवस शिकतो, त्याचे ६,००० आणि बिघडलेल्या मालाचे १,००० असे ७,००० रुपये. तो टिकला तर ही गुंतवणूक, नव्वद दिवसांच्या आत गेला तर नुकसान.

कन्सल्टन्सीने ४ जण दिले. एका महिन्याच्या पगाराएवढी फी या धंद्यात सर्रास घेतली जाते, म्हणून ६२,४०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, पण नोंदणीकृत कारखान्याला त्याची वजावट मिळत असल्याने तो इथे धरलेला नाही. दोघे टिकले, दोघे गेले. गेलेल्यांचे १४,००० मिळवले की एकूण ७६,४००, म्हणजे टिकलेल्या माणसामागे ३८,२०० रुपये.

जाहिरातीवर ६,००० रुपये गेले आणि ६ जण आले. माणशी हजारच, म्हणून ही वाट सर्वांत स्वस्त वाटते. पण टिकले दोनच. चौघांचे २८,००० मिळवल्यावर ३४,००० होतात आणि टिकलेल्यामागे १७,००० पडतात.

कामगारांच्या ओळखीने ५ जण आले. ओळख देणाऱ्याला हजर झाल्यावर हजार आणि नव्वद दिवसांनी आणखी हजार ठरवले होते. चौघे टिकले. बक्षिसाचे ९,००० आणि एकाच्या जाण्याचे ७,००० मिळून १६,००० झाले, म्हणजे टिकलेल्यामागे ४,००० रुपये.

तरी सगळी भरती ओळखीनेच करू नका. एकाच गावचे आठ जण एका पाळीत असले, तर गावातल्या एका लग्नाने पाळी बंद पडते. शिवाय चार माणसांवरून कन्सल्टन्सी वाईट ठरत नाही. एका वाटेचे किमान दहा जण झाल्याशिवाय, गरज पडली तर दोन वर्षांच्या नोंदी एकत्र करून, निकाल द्या. ज्यांचे नव्वद दिवस अजून भरले नाहीत त्यांना टिकलेल्यांत धरू नका. नाहीतर नुकतीच सुरू केलेली वाट उगाच चांगली दिसते.

बिनखर्ची वाटाही याच वहीत मोजा. राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर आणि जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या मेळाव्यात माणूस घ्यायला फी लागत नाही. आयटीआयचे शिकाऊ उमेदवार ही आणखी एक वाट. ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ कायद्याने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. ते तसेही येणारच आहेत, तर त्यांतले किती कायम होऊन टिकतात हे लिहून ठेवा.

कन्सल्टन्सीशी करार करताना या वहीचा उपयोग होतो. अर्धी फी हजर झाल्यावर आणि अर्धी नव्वद दिवसांनी, अशी अट लेखी मागा. माणूस गेला तर बदली मोफत द्यायची मुदतही तीस नव्हे, नव्वद दिवसांची हवी. बदली मोफत आली तरी पहिला माणूस वहीत ‘गेला’ म्हणूनच राहू द्या, कारण त्याच्या शिकण्याचे ७,००० तुम्हीच भरलेले असतात. या अटी न मानणाऱ्या कन्सल्टन्सीला पूर्ण महिन्याची फी देऊ नका.