विक्री वाढली, पण प्रशिक्षणामुळेच का?

प्रश्न : आमच्या १२ विक्री प्रतिनिधींच्या प्रशिक्षणावर तीन लाख खर्च झाले. सगळ्यांनी फीडबॅक उत्तम दिला, विक्रीही वाढली. पैसे वसूल झाले म्हणायचे का?

उत्तर : एवढ्यावरून नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या म्हणजे प्रतिसाद, शिकणं, वर्तन आणि परिणाम. तुम्ही पहिलीवरून थेट चौथीवर उडी मारलीत. खरी मेख तिसरीत आहे. प्रशिक्षणाआधी आणि नंतर आठ आठवड्यांनी मॅनेजरने प्रतिनिधीसोबत ग्राहकाकडे जावं आणि एकच गोष्ट टिपावी : भाव सांगण्याआधी त्याने ग्राहकाची गरज विचारली का? वर्तन तेच असेल, तर वाढीचं श्रेय प्रशिक्षणाला देऊ नका.

वर्तन बदललं असेल, तर प्रशिक्षण न मिळालेल्यांशी तुलना करा. समजा, प्रशिक्षितांच्या १०० कोटेशनमागे ऑर्डरी २० वरून २६ झाल्या, इतरांच्या २० वरून २३. म्हणजे तीन ऑर्डरी हंगामाच्याच. उरलेल्या तीनच धरा. ८०० कोटेशनवर २४ ऑर्डरी, प्रत्येकी १५,००० नफा, एकूण ३.६ लाख. खर्च वजा जाता ६० हजार, म्हणजे २० टक्के परतावा. पूर्ण सहा धरल्या असत्या, तर हाच आकडा १४० टक्के दिसला असता! प्रशिक्षणासाठी चांगलेच प्रतिनिधी निवडले असतील, तर मात्र ही तुलनाही फसते.