एकदाच दिसणारा फोटो

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायच्या दोन रीती आहेत. एका रीतीने पाठविलेला फोटो पाहणाऱ्याच्या मोबाईलात राहतो. तो त्याला पुन्हा पाहता येतो आणि पुढे दुसऱ्याला धाडता येतो. दुसऱ्या रीतीने पाठविलेला फोटो एकदा उघडून बंद केला, की पुन्हा उघडत नाही. ही दुसरी रीत २०२१ साली आली. २०२३ च्या डिसेंबरात आवाजाच्या निरोपालाही ती लागू झाली. या पाठात आपण या दुसऱ्या रीतीची माहिती घेऊ.

आधी ती करायची कशी ते पाहू. फोटो निवडला, की खाली मजकूर लिहायची पट्टी येते. त्या पट्टीच्या कडेला एक लहान वर्तुळ असते व त्यात 1 हा आकडा असतो. त्याला बोट लावले, की वर्तुळाचा रंग भरतो. पडद्यावरची भाषा इंग्रजी असेल, तर तेथे View once ही अक्षरे दिसतात. मग पाठवायचे. आवाजाचा निरोप असेल, तर माईकची खूण दाबून बोट वर सरकवावे, म्हणजे बोट न धरताही बोलणे भरले जाते. तेथेही 1 चे वर्तुळ असते. ही खूण दर वेळी नव्याने लावावी लागते. काल लावली म्हणून आज आपोआप लागत नाही. घाईत पुष्कळांची येथेच चूक होते. फोटो साधा जातो आणि पाठविणारा निर्धास्त राहतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, माढ्याजवळच्या एका वस्तीवर एक आत्याबाई राहतात. थोडा ऊस आहे, दोन म्हशी आहेत. एके दिवशी त्यांना फोन येतो. पलीकडचा माणूस गोड बोलतो. "आत्या, तुमच्या पीकविम्याचे पैसे आले आहेत. खात्यात टाकायचे आहेत. एटीएम कार्डाचा फोटो दोन्ही बाजूंनी पाठवा."

आत्याबाई म्हणतात, "कार्डाचा फोटो कुणाला देऊ नगा म्हणत्यात की."

"बरोबर आहे तुमचं. म्हणून तर सांगतो, त्या एकाच्या खुणेवर बोट ठेवून पाठवा. मी पाहिला, की लगेच पुसला जातो. माझ्याकडं काही राहत नाही. मग एक आकडा मेसेजमध्ये येईल, तो आवाजात बोलून पाठवा. तोही एकदाच ऐकू येतो."

हे ऐकून आत्याबाईंना बरे वाटते. माणूस आपली काळजी घेतो आहे, असे त्यांना वाटते. त्या फोटो काढू लागतात, तेवढ्यात कुर्डुवाडीहून भाचा येतो.

"आत्या, थांब. कुणाला पाठवतीस?"

"अरं, पुसला जातोय म्हनं तो फोटो. यकदाच दिसतो."

"एकदाच दिसतो खरं, पण किती वेळ दिसतो?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुष्कळांना वाटते की, फोटो वीज चमकावी तसा क्षणभर दिसून जात असेल. तसे नाही. एकदाच पाहायचा फोटो उघडला, की पाहणारा तो बंद करीपर्यंत समोर राहतो. त्याला घड्याळ लावलेले नाही. पाच मिनिटे पाहिला तरी चालतो. कार्डावर बहुधा सोळा आकडे असतात. शिवाय मुदतीचा महिना व वर्ष असते आणि मागच्या बाजूला तीन आकडे असतात. एवढे सारे कागदावर उतरून घ्यायला कोणाला एक मिनिटही लागत नाही. फोटो पुसला गेला, पण कागद राहिला. मग फोटो राहिला काय नि गेला काय?

भाच्याने आत्याला दुसरीही गोष्ट दाखविली. त्याने आपल्या मोबाईलवर 1 ची खूण लावून म्हशीचा फोटो आत्याला पाठविला. आत्याने तो उघडला. भाच्याने तिला पडद्याचा फोटो घ्यायला लावला. पडद्याचा फोटो म्हणजे स्क्रीनशॉट. तो आला नाही. मोबाईलने नकार दिला. ही सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ साली केली. मग भाच्याने दुसरा मोबाईल हातात घेतला, आत्याच्या उघड्या पडद्यासमोर धरला आणि फोटो काढला. म्हैस स्पष्ट दिसत होती.

"हे कोण अडवणार, आत्या? तुझ्या मोबाईलला काय ठाऊक की समोर दुसरा मोबाईल धरलाय?"

आवाजाचेही तेच आहे. निरोप एकदा ऐकला, की पुन्हा वाजत नाही. पण तो वाजत असताना शेजारी दुसरा मोबाईल ठेवून आवाज भरून घेता येतो. आणि सहा आकडे ऐकल्यावर ते लिहून घ्यायला मोबाईल लागतो कशाला? मेसेजमध्ये येणारा तो आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तो काही मिनिटांतच वापरायचा असतो. चोराला तो एकदाच ऐकला तरी पुरतो. त्याचे काम झाल्यावर निरोप पुसला गेला, तर फायदा त्याचाच. आपण काय बोललो याचा पुरावा आपल्याजवळ राहत नाही. पाठविणाऱ्यालाही आपला असा निरोप पुन्हा ऐकता येत नाही, हे येथे लक्षात ठेवावे.

आणखी एक गैरसमज आहे. समोरच्याने पडद्याचा फोटो घ्यायचा प्रयत्न केला, तर आपल्याला सूचना येते, असे काही लोक सांगतात. व्हॉट्सअ‍ॅप अशी सूचना देत नाही. आपल्याला एवढेच कळते की, फोटो उघडला गेला. तेही समोरच्याने आपल्या मोबाईलात निळ्या खुणा बंद केल्या नसतील तरच.

समोरच्याने फोटो चौदा दिवस उघडलाच नाही, तर तो निकामी होतो. पण तोवर तो तसाच पडून असतो. आणि न उघडलेल्या फोटोसकट त्याने आपल्या साऱ्या निरोपांची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, काढून ठेवली असेल, तर त्या प्रतीतून तो परत येऊ शकतो. उघडलेला फोटो प्रतीत जात नाही. चुकीच्या माणसाला गेला आणि त्याने अजून उघडला नाही असे दिसले, तर ताबडतोब तो निरोप धरून ठेवावा व सर्वांसाठी पुसावा. दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ ही सवड मिळते. एकदा उघडला गेला, की पुसून उपयोग नाही.

मुळात हे सारे घडते कसे, तेही थोडे समजून घेऊ. फोटो पाठविला, की तो खरोखरच समोरच्या मोबाईलात जाऊन पोहोचतो. त्याच्याबरोबर एक चिठ्ठी जाते : 'हा एकदाच दाखव.' समोरच्या मोबाईलातील व्हॉट्सअ‍ॅप ती चिठ्ठी वाचते आणि मानते. म्हणजे सारा भरवसा समोरच्या मोबाईलातील त्या व्यवस्थेवर आहे. ती चिठ्ठी कोणी फाडून टाकली, तर? तसे घडले आहे. २०२४ च्या सप्टेंबरात झेंगो नावाच्या कंपनीतील संशोधकांनी दाखवून दिले की, संगणकावरून व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्याकडे हे फोटो पोहोचत होते आणि ती खूण काढून टाकली, की साधा फोटो उरत होता. पुढे व्हॉट्सअ‍ॅपने दुरुस्ती केली. शिवाय खऱ्या व्हॉट्सअ‍ॅपसारखी दिसणारी, पण दुसऱ्याच कोणी बनविलेली अ‍ॅपेही लोक आपल्या मोबाईलात घालतात. ती चिठ्ठी मानतीलच असे नाही. समोरच्याने कोणते अ‍ॅप घातले आहे, हे आपल्याला बाहेरून दिसत नाही.

मग ही रीत फुकटच का? तसे मुळीच नाही. समोरचा माणूस भरवशाचा असेल, पण त्याचा मोबाईल मुले खेळायला घेत असतील, किंवा तो मोबाईल उद्या विकला जाणार असेल, तर ही रीत चांगली आहे. मुलीने पुण्याहून आईला डॉक्टरांच्या कागदाचा फोटो दाखविला आणि तो आईच्या मोबाईलातील फोटोंत पडून राहू नये असे तिला वाटले, तर ही खूण लावावी. फोटो आपोआप साठत नाही आणि पुढे धाडता येत नाही, एवढे काम ती नीट करते. ज्याने ठेवून घ्यायचे मनात आणले आहे, त्याला मात्र ती अडवीत नाही.

भाच्याने आत्याला विचारले, "मग आता कार्ड पाठवायचं का?"

"न्हाई. पर आधारचा फोटो तर द्यावाच लागतो की, फारम भरायला."

याला उपाय आहे. आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून झाकलेले आधार उतरवून घेता येते. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर भागते. असा कागद कोणी ठेवून घेतला, तरी पूर्ण क्रमांक त्याच्या हाती लागत नाही. पासबुकाचा फोटो द्यायचा झाला, तर पहिल्या पानाचा द्यावा. शिल्लक दिसणारी पाने देऊ नयेत. कार्डाचा फोटो व ओटीपी मात्र कोणालाच द्यायचे नाहीत. पैसे जमा करायला या दोन्हींची गरज नसते, खाते क्रमांक व शाखेचा आयएफएससी क्रमांक पुरतो.

फोटो गेलाच असेल, तर वेळ दवडू नये. कार्डाच्या मागे बँकेचा क्रमांक छापलेला असतो. तेथे बोलून कार्ड आधी बंद करावे. पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. लवकर कळविले, तर रक्कम पुढे काढली जाण्याआधी अडविता येऊ शकते.

आता थोडे तरुण मुलीबाळींसाठी. नवरा परगावी असतो, किंवा लग्न ठरलेले असते. तो खासगी फोटो मागतो व म्हणतो, "एकदाच पाहतो." दुसऱ्या मोबाईलची गोष्ट येथेही तशीच आहे. पण असा फोटो कोणी ठेवून घेतला आणि पसरविला, तर दोष पाठविणारीचा ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये स्त्रीच्या खासगी फोटोविषयी स्पष्ट लिहिले आहे : फोटो काढायला संमती दिली असेल, पण दुसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर दुसऱ्याला दाखविणे हा गुन्हा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा cybercrime.gov.in या ठिकाणी करता येते.

कधी उलटेही घडते. धमकी देणारा माणूसच 1 ची खूण लावून धमकी पाठवितो, म्हणजे आपल्याजवळ काही राहू नये. अशा वेळी घाईने उघडू नये. आधी घरातला दुसरा मोबाईल आणावा. फोटो असेल, तर उघडल्यावर त्याचा फोटो काढावा. आवाज असेल, तर दुसऱ्या मोबाईलवर आवाज भरायला सुरुवात करून मगच निरोप वाजवावा. पाठविणाऱ्याचा क्रमांक व तारीख दिसेल असा त्या संभाषणाचाही फोटो घ्यावा, आणि ते संभाषण पुसू नये.

करून पाहा : घरातले दोन मोबाईल घ्या. एकावरून दुसऱ्यावर 1 ची खूण लावून कोणत्याही कागदाचा फोटो पाठवा. तो उघडा, पण बंद करू नका. घड्याळ लावून कागदावरचे आकडे उतरून घ्या. किती वेळ लागला ते लिहा. मग फोटो बंद करा आणि पाठविणाऱ्या मोबाईलवर कोणते शब्द आले, ते मोठ्याने वाचा.