किल्लीच्या लांबीत दडलेली उकल

गूढलेखनाच्या इतिहासात एका पद्धतीला सुमारे तीन शतके ‘अभेद्य’ हे बिरुद मिळाले होते. १५५३ साली जोव्हान बात्तिस्ता बेल्लासो या इटालियन गृहस्थाने ती एका पुस्तिकेत मांडली. पुढे मात्र ती विजनेर या फ्रेंच मुत्सद्द्याच्या नावाने प्रसिद्ध झाली. श्रेय एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रकार इतिहासाला नवा नाही. या पद्धतीचा भेद कसा झाला, हे वही-पेन्सिल घेऊन समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यासाठी लागणारे गणित शाळेत शिकलेल्या ‘मसावि’पलीकडे जात नाही.

त्यापूर्वीची साधी रीत अशी, की प्रत्येक अक्षराऐवजी ठरलेले दुसरे अक्षर लिहायचे. परंतु नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी या पंडिताने दाखवून दिले होते, की प्रत्येक भाषेत काही अक्षरे फार वेळा येतात, तर काही क्वचित. इंग्रजीत E सर्वाधिक आढळते. गूढलेखात जे चिन्ह सर्वाधिक वेळा आले, ते बहुधा E. या मोजणीपुढे साधी रीत टिकत नाही.

बेल्लासोच्या पद्धतीत एकाऐवजी अनेक वर्णमाला असतात आणि कोणत्या अक्षराला कोणती लावायची, हे एक किल्लीशब्द ठरवतो. आपण LION ही किल्ली घेऊ. A ला शून्य, B ला एक असे क्रमांक दिले, तर L म्हणजे ११, I म्हणजे ८, O म्हणजे १४ आणि N म्हणजे १३. मजकुराचे पहिले अक्षर ११ घरे पुढे सरकवायचे, दुसरे ८, तिसरे १४, चौथे १३. पाचव्यापासून पुन्हा ११. Z नंतर परत A येतो. त्यामुळे E हे एकच अक्षर निरनिराळ्या जागी निरनिराळे रूप घेते आणि सरसकट मोजणी निष्फळ ठरते.

आता असे समजा, की पुढील गूढलेख शत्रूच्या हाती पडला आहे आणि किल्ली त्याला ठाऊक नाही. तारेच्या प्रघाताप्रमाणे अक्षरे पाच-पाचांच्या गटांत लिहिली आहेत; या गटांचा किल्लीशी काही संबंध नाही.

```
EPSEZ IRGZB VRCQJ RCQGZ FLRLE PSEZI
RGZBV RSQZY TAREJ UCIPC DGZBV RSQZY
```

एकूण साठ अक्षरे आहेत. शोधकाने प्रथम अक्षरे मोजू नयेत, पुनरावृत्ती शोधावी. GZBVR हा पाच अक्षरांचा तुकडा तीनदा आला आहे: आठव्या, बत्तिसाव्या आणि बावन्नाव्या स्थानापासून. असे का घडावे? मूळ मजकुरातील तोच शब्द योगायोगाने किल्लीच्या त्याच अक्षराखाली पुन्हा आला, तर त्याचे गूढ रूपही तेच होणार. आणि किल्ली त्याच अक्षरावर परत यायची, तर मधल्या अंतरात तिची पूर्ण आवर्तने झालेली असली पाहिजेत. म्हणजेच हे अंतर किल्लीच्या लांबीच्या पटीत असते. येथे अंतरे २४ आणि २० आहेत. त्यांचा मसावि ४. तेव्हा किल्ली चार अक्षरांची असावी. दोन अक्षरांचीही असू शकेल, पण पडताळा मोठ्या संख्येपासून सुरू करणे सोयीचे.

येथे एक सावधगिरी हवी. GZ ही जोडी एकोणिसाव्या स्थानीही आली आहे. आठव्यापासून तिचे अंतर ११, आणि ११ ला ४ ने भाग जात नाही. ती दोन अगदी वेगळ्या अक्षरांपासून निव्वळ अपघाताने तयार झाली आहे. जो शोधक दोन अक्षरांच्या जोड्यांवर विसंबेल, त्याचा मसावि लगेच १ होईल आणि तो वाट चुकेल. तुकडा जितका लांब, तितका अपघाताचा संभव कमी.

लांबी कळली की अभेद्यता संपली. पहिले, पाचवे, नववे अशी अक्षरे एका ओळीत, दुसरे, सहावे, दहावे दुसऱ्या ओळीत, याप्रमाणे चार ओळी करायच्या. प्रत्येक ओळ एकाच प्रमाणात सरकवलेली असल्यामुळे अल्-किंदींची जुनी मोजणी तिला पुन्हा लागू पडते. चौथी ओळ अशी आहे: E G R R Z L E G R Y E I G R Y. येथे R चार वेळा आहे. R म्हणजे E मानले, तर सरक १३, म्हणजे किल्लीतील अक्षर N.

पहिल्या ओळीत Z पाच वेळा आहे. तेथेही Z म्हणजे E मानले, तर J आणि X ही इंग्रजीतील दुर्मीळ अक्षरे दोन-दोनदा निघतात. अवघ्या पंधरा अक्षरांत हे पटत नाही. तो तर्क सोडावा. Z म्हणजे O धरले, तर सरक ११ आणि निघणारी अक्षरे T, O, R, U, H, I, Y, E, म्हणजे सगळी नेहमीची. किल्लीचे पहिले अक्षर L. लहान गूढलेखात मोजणी अशी फसवते, म्हणून पडताळा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता मजकुराचा आरंभ ‘T, दोन रिकाम्या जागा, R’ असा दिसतो. त्या जागी THE बसवले, तर मधली सरक ८ आणि १४ येते, म्हणजे I आणि O. हीच सरक पुढच्या चार अक्षरांना लावली की OADT निघते. THE ROAD TO THE RIVER IS MUDDY, म्हणजे नदीकडचा रस्ता चिखलाचा आहे. पुढे टेकडीचा रस्ता कोरडा असल्याचे सांगून तिकडे सरकण्याचा आदेश आहे.

ही रीत फ्रीड्रिख कासिस्की या निवृत्त प्रशियन अधिकाऱ्याने १८६३ साली बर्लिनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही आणि ते स्वतः पुढे पुरातत्त्वाकडे वळले. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांना सुमारे १८५४ मध्येच ही उकल साधली होती, पण त्यांनी ती छापली नाही.

नेमक्या त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणारी दक्षिणेकडील राज्ये याच पद्धतीवर भिस्त ठेवून होती. किल्ली पंधरा अक्षरांची असेल, तर साठ अक्षरांच्या निरोपात प्रत्येक ओळीला चारच अक्षरे येतात आणि वरची मोजणी दुबळी पडते. तेव्हा लांब किल्ली आणि छोटा निरोप यांना खरे संरक्षण होते. पण दक्षिणेने ते स्वतःच गमावले. त्यांच्या ज्ञात किल्ल्या तीनच: MANCHESTER BLUFF, COMPLETE VICTORY आणि COME RETRIBUTION. तिन्ही मोजून पाहाव्यात. प्रत्येकीत पंधराच अक्षरे आहेत. एकच किल्ली अनेक निरोपांना वापरली, की ते सारे निरोप एकाखाली एक मांडता येतात आणि शोधकाच्या ओळी आपोआप लांब होतात. शिवाय ते काही शब्द उघडेच ठेवून मोजकेच शब्द गूढ करीत, आणि शब्दांमधील जागाही तशाच राहत. उत्तरेच्या युद्धखात्यातील तरुण तारकर्मचारी आजूबाजूच्या उघड्या शब्दांवरून गूढ शब्द ओळखत आणि त्यावरून किल्ली काढीत.

४ जुलै १८६३ रोजी वेढ्यात अडकलेल्या व्हिक्सबर्गच्या सेनापतीला, पेंबर्टनला, असाच एक निरोप धाडण्यात आला: मदत येणार नाही. तो बाटलीत घातला होता आणि बाटली पाण्यात बुडावी म्हणून आत बंदुकीची गोळीही टाकली होती. त्याच दिवशी व्हिक्सबर्ग शरण गेले. बाटली पुढे रिचमंडच्या संग्रहालयात बंदच राहिली. २०१० साली तो निरोप उलगडला, तेव्हा त्याची किल्ली निघाली MANCHESTER BLUFF.