संख्यात्मक व्याख्यानाची प्रकारवार मांडणी : 'सरासरी' या पाठाच्या आधारे

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपल्याला
- व्याख्यानात सोडवून दाखविलेली उदाहरणे त्यांच्या प्रकारांनुसार वेगळी करता येतील;
- प्रत्येक प्रकारासाठी 'ओळखखूण' हा रकाना स्वतः भरता येईल;
- खरी खूण आणि फसवी खूण यांतील फरक सांगता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, संख्याशास्त्रातील 'सरासरी' या पाठाचे व्याख्यान ऐकताना आपण टिपणे घेतो. त्या टिपणांत व्याख्या, सूत्र आणि उदाहरण असा क्रम असतो. 'हरात्मक मध्य' या मथळ्याखालचे उदाहरण हरात्मक मध्यानेच सुटणार, हे ते वाचण्यापूर्वीच आपल्याला ठाऊक असते. प्रश्नपत्रिकेत मात्र हा मथळा नसतो. तेथे केवळ 'सरासरी काढा' एवढेच लिहिलेले असते आणि कोणती सरासरी काढायची, हे विद्यार्थ्याला ठरवावे लागते. सूत्रे पाठ असूनही उत्तर चुकते ते बहुधा याच ठिकाणी.

म्हणून व्याख्यानाची टिपणे जशीच्या तशी पुन्हा उतरवून काढण्याऐवजी ती उदाहरणांच्या प्रकारांनुसार नव्याने मांडावी आणि त्या मांडणीत 'हा प्रकार कसा ओळखावा' यासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा. ही मांडणी कशी करावयाची ते एका व्याख्यानाच्या आधारे पाहू.

२. पहिली पायरी : उदाहरणे सुटी करणे

प्रथम टिपणांतील प्रत्येक उदाहरण वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठीवर फक्त प्रश्न लिहावा. मथळा, सूत्र व उत्तर लिहू नये. समजा, आपल्या व्याख्यानात पुढील सहा उदाहरणे आली :

उ. १ : एका मजुराची पाच दिवसांची मजुरी ४००, ४५०, ५००, ४५० व ५५० रुपये आहे. सरासरी मजुरी काढा.

उ. २ : सकाळच्या तुकडीतील ४० विद्यार्थ्यांचे सरासरी गुण ६० आणि सायंकाळच्या तुकडीतील १० विद्यार्थ्यांचे सरासरी गुण ७० आहेत. सर्वांचे मिळून सरासरी गुण काढा.

उ. ३ : एक गाडी ६० किलोमीटर अंतर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाते व तेच अंतर ताशी ६० किलोमीटर वेगाने परत येते. सरासरी वेग काढा.

उ. ४ : एका गुंतवणुकीचे मूल्य पहिल्या वर्षी २५ टक्क्यांनी वाढले व दुसऱ्या वर्षी २० टक्क्यांनी घटले. वार्षिक सरासरी वाढ काढा.

उ. ५ : एक गाडी दोन तास ताशी ३० किलोमीटर वेगाने व पुढील दोन तास ताशी ६० किलोमीटर वेगाने चालते. सरासरी वेग काढा.

उ. ६ : एका गृहिणीने ३०० रुपयांचे कांदे २० रुपये किलो दराने व पुन्हा ३०० रुपयांचे कांदे ३० रुपये किलो दराने घेतले. सरासरी दर काढा.

३. दुसरी पायरी : गट पाडणे

आता चिठ्ठ्यांचे गट पाडावयाचे आहेत. येथे पहिला मोह विषयावरून गट पाडण्याचा होतो. उ. ३ व उ. ५ या दोन्हींत गाडी आहे, वेग आहे, ३० व ६० हे आकडेही तेच आहेत. म्हणून ती एका गटात घालावीशी वाटतात. ती सोडवून पाहिली की हा गट टिकत नाही.

उ. ३ मध्ये जाताना ६० ÷ ३० = २ तास आणि येताना ६० ÷ ६० = १ तास लागतो. एकूण अंतर १२० किलोमीटर, एकूण वेळ ३ तास. म्हणून सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर. उ. ५ मध्ये पहिल्या दोन तासांत ६० आणि पुढील दोन तासांत १२० किलोमीटर अंतर तोडले जाते. एकूण अंतर १८० किलोमीटर, एकूण वेळ ४ तास. म्हणून सरासरी वेग ताशी ४५ किलोमीटर.

वेग तेच असूनही उत्तरे भिन्न आहेत. याचे कारण असे की, उ. ३ मध्ये दोन्ही वेळी *अंतर* समान आहे, तर उ. ५ मध्ये *वेळ* समान आहे. उ. ३ मधील गाडी मंद वेगाने अधिक वेळ चालली. म्हणून तिची सरासरी मंद वेगाकडे झुकली. उलट, उ. ६ मध्ये गाडीचा संबंध नसला तरी ते उ. ३ च्याच गटातले आहे. तेथे दोन्ही वेळी *रुपये* समान आहेत. पहिल्या वेळी १५ किलो व दुसऱ्या वेळी १० किलो कांदे आले. ६०० रुपयांत २५ किलो, म्हणजे सरासरी दर २४ रुपये किलो. २० व ३० यांची बेरीज करून निम्मे केले असते तर २५ रुपये हे चुकीचे उत्तर आले असते.

सारांश, गट पाडताना 'प्रश्न कशाविषयी आहे' असे न विचारता 'सरासरी घातल्यावर कोणती एकूण राशी कायम राहिली पाहिजे आणि प्रश्नात काय समान आहे' असे विचारावे.

४. तिसरी पायरी : ओळखखुणेचा रकाना

| प्रकार | ओळखखूण | मांडणी | उदाहरणे |
|---|---|---|---|
| साधा मध्य | प्रत्येक किंमत सारख्याच वेळा मोजली जाते. किंवा 'प्रति' नंतरची राशी (तास, किलो) समान आहे | किमतींची बेरीज ÷ त्यांची संख्या | उ. १ (४७० रुपये), उ. ५ (ताशी ४५ कि.मी.) |
| भारित मध्य | प्रत्येक किमतीमागे वेगवेगळी संख्या दिली आहे | (किंमत × संख्या) यांची बेरीज ÷ एकूण संख्या | उ. २ (६२ गुण) |
| हरात्मक मध्य | दर दिले आहेत व 'प्रति' च्या आधीची राशी (किलोमीटर, रुपये) समान आहे | दरांची संख्या ÷ दरांच्या व्यस्तांची बेरीज | उ. ३ (ताशी ४० कि.मी.), उ. ६ (२४ रुपये किलो) |
| गुणोत्तर मध्य | प्रत्येक बदल आधीच्या बदलातून आलेल्या रकमेवर होतो | गुणकांच्या गुणाकाराचे मूळ. दोन गुणक असल्यास वर्गमूळ | उ. ४ (शून्य टक्के) |

हरात्मक मध्याची खूण थोडी स्पष्ट करू. कोणताही दर 'अमुक प्रति तमुक' अशा स्वरूपात वाचता येतो : किलोमीटर प्रति तास, रुपये प्रति किलो. 'तमुक' समान असेल तर साधा मध्य घ्यावा. 'अमुक' समान असेल तर हरात्मक मध्य घ्यावा. हे एक वाक्य वेग, दर, मजुरी या साऱ्यांना लागू पडते. रकान्यात 'वेगाचे उदाहरण' असे लिहिण्यापेक्षा हे वाक्य लिहिणे अधिक उपयोगाचे आहे.

उ. ४ मधील खूणही अशीच पारखून घ्यावी. 'टक्के' हा शब्द दिसताच अनेक विद्यार्थी गुणोत्तर मध्य घेतात. परंतु पाच विषयांत मिळालेल्या टक्क्यांची सरासरी काढावयाची असेल, तर एका विषयातील टक्के दुसऱ्या विषयातील टक्क्यांवर अवलंबून नसतात. सर्व विषयांचे एकूण गुण सारखे असतील तर तेथे साधा मध्यच योग्य. उ. ४ मध्ये दुसऱ्या वर्षीची घट पहिल्या वर्षी वाढलेल्या रकमेवर झाली आहे. १०,००० रुपये धरल्यास ते १२,५०० होतात व २० टक्के घटून पुन्हा १०,००० होतात. गुणक १.२५ व ०.८०, त्यांचा गुणाकार १ व वर्गमूळ १. म्हणजे सरासरी वाढ शून्य टक्के. साध्या मध्याने मात्र २.५ टक्के वाढ दिसली असती, जी प्रत्यक्षात झालेलीच नाही.

'टक्के' किंवा 'वेग' यांसारख्या शब्दांना आपण *फसव्या खुणा* म्हणू. आपली चूक ज्या फसव्या खुणेमुळे झाली असेल, ती त्याच रकान्यात कंसात नोंदवून ठेवावी.

५. रकान्याची पडताळणी आणि मर्यादा

रकाना भरून झाल्यावर चिठ्ठ्या मिसळाव्या. एकेक चिठ्ठी उचलून, आकडेमोड न करता, फक्त प्रकार व त्याची खूण सांगावी. प्रकार बरोबर आला पण खूण सांगता आली नाही, तर ते उदाहरण केवळ स्मरणाने ओळखले आहे असे समजावे आणि आकडे व विषय बदलून तसेच नवे उदाहरण तयार करावे.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे एकूण राशीवरून तपासता येते. उ. ३ चे उत्तर ४५ असे आले असेल, तर ताशी ४५ या वेगाने ३ तासांत १३५ किलोमीटर अंतर होईल. प्रत्यक्षात ते १२० आहे. म्हणजे प्रकार चुकीचा निवडला गेला.

या तक्त्याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवाव्या. काही प्रश्न कोणत्याही ओळीत सरळ बसत नाहीत. गाडी ६० किलोमीटर ताशी ३० च्या वेगाने व पुढील ३० किलोमीटर ताशी ६० च्या वेगाने गेली, तर अंतरही समान नाही आणि वेळही समान नाही. अशा वेळी सूत्र शोधत न बसता मूळ राशींकडे जावे : एकूण ९० किलोमीटर, एकूण अडीच तास, म्हणून सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर. दुसरी मर्यादा अशी की, काही प्रश्नांत आवश्यक माहितीच नसते. उ. २ मध्ये विद्यार्थिसंख्या दिली नसती, तर ६० व ७० यांवरून ६५ हे उत्तर काढता आले नसते. कारण दोन्ही तुकड्यांची संख्या समान असेल तरच ते खरे ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न

प्रथम ओळखखूण लिहा, मग उत्तर काढा.

१. एकाने १,००० रुपयांचे पेट्रोल १०० रुपये लिटर दराने व नंतर १,००० रुपयांचे पेट्रोल १२५ रुपये लिटर दराने घेतले. सरासरी दर किती?

२. एका गावाची लोकसंख्या पहिल्या दशकात ४४ टक्क्यांनी वाढली व दुसऱ्या दशकात तेवढीच राहिली. प्रति दशक सरासरी वाढ किती?

३. दोन कारखान्यांतील कामगारांची सरासरी रोजची मजुरी अनुक्रमे ५०० व ६०० रुपये आहे. सर्व कामगारांची सरासरी मजुरी किती?

उत्तरे

१. रुपये समान, म्हणून हरात्मक मध्य. २,००० रुपयांत १० + ८ = १८ लिटर; सरासरी दर सुमारे १११.११ रुपये लिटर.

२. दुसऱ्या दशकातील बदल वाढलेल्या लोकसंख्येवर मोजला आहे, म्हणून गुणोत्तर मध्य. गुणक १.४४ व १; त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ १.२. सरासरी वाढ २० टक्के.

३. कामगारसंख्या दिलेली नसल्याने निश्चित उत्तर काढता येत नाही. ते ५०० व ६०० यांच्या दरम्यान असेल, एवढेच म्हणता येते.

सारांश

व्याख्यानातील उदाहरणे मथळ्यांपासून सुटी करावी, 'काय समान आहे व कोणती एकूण राशी कायम राहते' या कसोटीवर त्यांचे गट पाडावे आणि प्रत्येक गटाची खूण स्वतःच्या शब्दांत लिहावी. खूण प्रश्नाच्या विषयावर नव्हे, तर त्यातील राशींच्या परस्परसंबंधावर आधारलेली असावी. तक्त्यातील कोणतीही ओळ लागू पडत नसेल, तर एकूण राशींवरून उत्तर काढावे.